ट्रुथ टेबल भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये राजारामपुरीतल्या आमच्या क्लासची नवी बॅच सुरू होते. पंधरा दिवसांत ट्रुथ टेबल येतो आणि वहीच्या पानांचे फोटो मोबाईलवर यायला लागतात. खाली एकच ओळ असते, "सर, हे बरोबर आहे का?" बहुतेक शंका त्याच त्या असतात, म्हणून त्या इथे एकत्र केल्या आहेत. जवळजवळ सगळी उत्तरं मी एकाच उदाहरणावर दिली आहेत. ते उदाहरण चौथ्या प्रश्नात सोडवलंय. घाई असेल त्यांनी आधी ते वाचावं.

१. ट्रुथ टेबलमध्ये नक्की काय भरायचं असतं?

एखादं एक्स्प्रेशन दिलेलं असतं. त्यातल्या प्रत्येक अक्षराची किंमत 0 किंवा 1 असू शकते, म्हणजे गोष्ट खोटी किंवा खरी. या किमतींच्या जितक्या जुळण्या होतात त्या सगळ्या डावीकडे लिहायच्या आणि प्रत्येक जुळणीला एक्स्प्रेशनचं उत्तर काय येतं ते उजवीकडे लिहायचं. एवढंच. यातला 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. दोनचार ओळी करून पाहिल्या आणि उत्तर पटलं, याला ट्रुथ टेबल म्हणत नाहीत.

उत्तर काढायला तीन नियम पुरतात. अँडचं उत्तर दोन्ही बाजू 1 असतील तरच 1. ऑरचं उत्तर एक जरी बाजू 1 असली तरी 1. नॉट समोरची किंमत उलटी करतो.

२. ओळी किती काढायच्या हे आधी कसं कळणार?

वेगवेगळी अक्षरं मोजा. एका अक्षराला २ ओळी, दोघांना ४, तिघांना ८, चौघांना १६. अक्षर वाढलं की ओळी दुप्पट. एकच अक्षर एक्स्प्रेशनमध्ये तीनदा आलं तरी ते एकदाच मोजायचं. `A AND B OR NOT A` यात अक्षरं दोनच, म्हणून ओळी ४. इथे तीन अक्षरं समजून आठ ओळी काढलेल्या वह्या मी दरवर्षी बघतो. मग एकाच ओळीत पहिल्या A खाली 0 आणि दुसऱ्या A खाली 1 येतो. एकच गोष्ट एकाच वेळी खरी आणि खोटी, असं कसं चालेल?

३. आमच्या बारावीच्या गणितात पहिली ओळ T T असते आणि क्लासमध्ये तुम्ही 0 0 पासून सुरू करता. बरोबर कुठलं?

दोन्ही. ओळींचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही, फक्त एकही ओळ सुटता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये. गणितात T आधी लिहायची पद्धत आहे. कॉम्प्युटरमध्ये आपण बायनरी आकडे मोजतो तसं 000, 001, 010, 011 असं पुढे जातो, कारण पुढे सर्किट काढताना तोच क्रम लागतो.

ओळी एकेक आठवून लिहू नका, रकाना उभा भरा. तीन अक्षरं असतील तर शेवटच्या रकान्यात 0, 1, 0, 1 असं एकाआड एक. मधल्यात 0, 0, 1, 1 असं दोनदोनचं. पहिल्यात चार वेळा 0, मग चार वेळा 1. भरून झालं की प्रत्येक रकान्यातले 1 मोजा. प्रत्येकात बरोबर चार यायला हवेत. कुठे तीन किंवा पाच आले, तर रकाना भरताना हात घसरलाय. पुढे जायच्या आधी तो दुरुस्त करा.

४. मधले रकाने काढायलाच पाहिजेत का? मी थेट उत्तर लिहितो.

दोन अक्षरं असतील तर थेट लिहिलंत तरी चालेल. तीन अक्षरं आली की मधले रकाने काढा. उत्तर चुकलं तर ते कुठे चुकलं हे त्या रकान्यांतूनच कळतं, तुम्हालाही आणि तपासणाऱ्यालाही.

आता आपलं उदाहरण घेऊ. क्लासमधल्या पोरांचा एक नियम आहे: सुट्टी असेल किंवा क्लास लवकर सुटला असेल, आणि पाऊस नसेल, तर रंकाळ्यावर भेळ खायला जायचं. A म्हणजे आज सुट्टी आहे, B म्हणजे क्लास लवकर सुटला आणि C म्हणजे पाऊस पडतोय. मग नियम असा होतो:

```
(A OR B) AND NOT C
```

आधी कंसाचा रकाना, मग `NOT C` चा रकाना आणि शेवटी या दोन रकान्यांचा अँड. `NOT C` भरताना फक्त C कडे बघायचं, A आणि B कडे बघायचंच नाही. शेवटचा रकाना भरताना मूळ A, B, C झाकून ठेवायचे आणि मधले दोनच रकाने बघायचे. मी खरंच पट्टी ठेवायला लावतो. पोरं हसतात, पण चुका कमी होतात.

```
A B C | A OR B | NOT C | उत्तर
0 0 0 |   0    |   1   |   0
0 0 1 |   0    |   0   |   0
0 1 0 |   1    |   1   |   1
0 1 1 |   1    |   0   |   0
1 0 0 |   1    |   1   |   1
1 0 1 |   1    |   0   |   0
1 1 0 |   1    |   1   |   1
1 1 1 |   1    |   0   |   0
```

उत्तरात तीन 1 आले. हे बरोबर आहे का, हे पुन्हा सगळं न करता पडताळता येतं. `A OR B` च्या रकान्यात सहा 1 आहेत. C चा A आणि B शी काही संबंध नाही, त्यामुळे त्या सहा ओळींपैकी बरोबर निम्म्यांत C = 0 असणार. सहाचे निम्मे तीन. जुळलं. पण ही युक्ती अँडच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी अक्षरं असतील तेव्हाच चालते. `(A OR B) AND NOT A` मध्ये A दोन्हीकडे आहे. तिथे ओळी मोजूनच बघावं लागतं.

५. कंस दिलेला नसेल तर डावीकडून उजवीकडे सोडवायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंस नसेल तर आधी नॉट, मग अँड आणि शेवटी ऑर. गणितात बेरजेच्या आधी गुणाकार करतो, तसंच हे. आपल्याच नियमातला कंस काढला तर उरतं:

```
A OR B AND NOT C
```

यात B आधी `NOT C` शी जोडला जातो आणि मग त्या उत्तराशी A चा ऑर होतो. म्हणजे खरा अर्थ `A OR (B AND NOT C)`. ट्रुथ टेबल असा येतो:

```
A B C | NOT C | B AND NOT C | उत्तर
0 0 0 |   1   |      0      |   0
0 0 1 |   0   |      0      |   0
0 1 0 |   1   |      1      |   1
0 1 1 |   0   |      0      |   0
1 0 0 |   1   |      0      |   1
1 0 1 |   0   |      0      |   1
1 1 0 |   1   |      1      |   1
1 1 1 |   0   |      0      |   1
```

आता पाच 1 आहेत. चौथ्या प्रश्नातल्या ट्रुथ टेबलशी ओळीला ओळ लावून बघा. सहा ओळी जुळतात, दोन जुळत नाहीत: 101 आणि 111. दोन्हींत सुट्टी आहे आणि पाऊसही आहे. कंसवाला नियम म्हणतो, पाऊस आहे तर घरी बसा. बिनकंसाचा नियम म्हणतो, सुट्टी आहे ना, मग पाऊस असो नसो, चला. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला या दोन ओळींतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

कंस नसलेल्या या एक्स्प्रेशनला तुमच्या वहीत तीनच 1 आले असतील, तर तुम्ही डावीकडून उजवीकडे गेलात. कारण डावीकडून गेलं की आधी `A OR B` होतं आणि नकळत कंसवाल्या एक्स्प्रेशनचंच उत्तर येतं. त्यामुळे वही तपासताना मी आधी शेवटच्या रकान्यातले 1 मोजतो. बाकीचं नंतर.

एक साधी सवय लावून घ्या. प्रश्न वहीत उतरवतानाच त्यात स्वतःचे कंस घाला आणि मगच रकाने पाडा. कंस जास्त झाले म्हणून आजवर कुणाचे मार्क कापलेले मी पाहिलेले नाहीत.

६. पुस्तकात `A + B` लिहिलंय. दोन्ही 1 असतील तर उत्तर 2 नको का?

इथे `+` म्हणजे बेरीज नाही, ऑर. टिंब किंवा नुसती शेजारी लिहिलेली अक्षरं म्हणजे अँड. किमती फक्त 0 आणि 1, त्यामुळे `1 + 1 = 1`. बायनरी बेरजेत `1 + 1 = 10` येतं, पण तो धडा वेगळा. दोन्ही धडे एकाच महिन्यात शिकवले जातात म्हणून घोटाळा होतो, यात मुलांची चूक नाही. या चिन्हांचा एक फायदा आहे. गुणाकार आधी, बेरीज नंतर ही सवय असतेच, त्यामुळे `A + B·C` मध्ये पाचव्या प्रश्नातली चूक सहसा होत नाही. तीच मुलं शब्दांत लिहिलेलं एक्स्प्रेशन मात्र डावीकडून सोडवतात.

७. अक्षरांच्या डोक्यावर एकच लांब रेघ असणं आणि दोन छोट्या रेघा असणं, यात काही फरक आहे का?

खूप. डोक्यावरची रेघ म्हणजे नॉट. `A + B` वर एकच अखंड रेघ असेल तर आधी ऑर करायचा आणि मग आलेलं उत्तर उलटं करायचं, जणू रेघेखाली कंसच आहे. A वर वेगळी आणि B वर वेगळी रेघ असेल तर आधी दोघांना उलटं करायचं आणि मग ऑर.

```
A B | NOT (A OR B) | NOT A OR NOT B
0 0 |      1       |       1
0 1 |      0       |       1
1 0 |      0       |       1
1 1 |      0       |       0
```

एकात एक 1, दुसऱ्यात तीन. नियमाच्या भाषेत सांगायचं तर पहिला म्हणतो 'सुट्टीही नाही आणि क्लासही लवकर सुटला नाही', दुसरा म्हणतो 'दोन्हींपैकी निदान एक तरी नाही'. अखंड रेघ तोडायची असेल तर खालचा ऑर बदलून अँड करावा लागतो: `NOT (A OR B)` म्हणजे `NOT A AND NOT B`. हाच डी मॉर्गनचा नियम. रेघ तोडली आणि चिन्ह तसंच ठेवलं, ही नेहमीची चूक.

एकदा फळ्यावर खडू मध्येच तुटला आणि मी ओढलेली लांब रेघ दोन तुकड्यांत उमटली. अर्ध्या वर्गाने एक उत्तर काढलं, अर्ध्याने दुसरं, आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. तेव्हापासून मी रेघेबरोबर कंसही लिहितो.

८. 'चहा किंवा कॉफी' म्हटल्यावर दोन्ही कुणी देत नाही. मग ऑरमध्ये दोन्ही 1 असताना उत्तर 1 कसं?

बोलण्यातला 'किंवा' दोन प्रकारचा असतो. 'आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र आणा' असं म्हटल्यावर कुणी दोन्ही आणली तर त्याला परत पाठवत नाहीत. हा आपला ऑर. चहा-कॉफीचा 'किंवा' म्हणजे दोन्हींपैकी एकच. त्याला वेगळं नाव आहे, एक्सऑर, आणि लिहिताना `XOR`. दोन बाजू वेगळ्या असतील तर त्याचं उत्तर 1, सारख्या असतील तर 0. प्रश्नात नुसतं `OR` लिहिलं असेल तर दोन्ही 1 असताना 1 लिहायचं, बोलण्यातला अर्थ काही असो.

घरात एक्सऑर बघायचा असेल तर जिन्यातला दिवा बघा. खाली एक बटण, वर एक. कुठलंही एक दाबलं की दिव्याची अवस्था पालटते.

९. तीन अक्षरांचा एक्सऑर असेल तर 'तिन्हींपैकी एकच 1' असंच ना? मग 111 ला 0 का नाही?

कारण एक्सऑर एका वेळी दोघांवरच चालतो. 111 मध्ये आधी `1 XOR 1` म्हणजे 0, मग `0 XOR 1` म्हणजे 1. आठ ओळींपैकी 001, 010, 100 आणि 111 या चार ओळींत 1 येतो, म्हणजे 1 ची संख्या विषम असेल तिथे.

जिन्यातल्या दिव्यावर हे लगेच पटतं. मधल्या मजल्यावर तिसरं बटण बसवलंय असं समजा. दोन बटणं दाबलेली असताना दिवा बंद आहे. तिसरं दाबलं की अवस्था पालटणार, दिवा लागणार. 'फक्त एकच' असा अर्थ लावला असता तर तिसरं बटण दाबूनही जिना अंधारातच राहिला असता.

१०. सुट्टीच्या दिवशी क्लासच नसतो, मग तो लवकर कसा सुटेल? A आणि B दोन्ही 1 असलेल्या ओळी वगळू का?

वगळू नका. हा प्रश्न कागलहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने विचारला होता आणि त्या बॅचमधला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. ट्रुथ टेबल एक्स्प्रेशनचा असतो, कोल्हापुरातल्या दिनक्रमाचा नाही. `(A OR B) AND NOT C` भरा म्हटलं की आठही ओळी भरायच्या. 110 ला 1 आणि 111 ला 0.

गोष्ट बदलते ती प्रश्न उलटा आला तर. म्हणजे एक्स्प्रेशन दिलेलं नाही, परिस्थितीचं वर्णन दिलंय आणि त्यावरून ट्रुथ टेबल बनवून सोपं सर्किट काढायचंय. अशा वेळी जी ओळ कधी येणारच नाही तिच्या उत्तरात X लिहितात. X चा अर्थ इथे 0 आला काय आणि 1 आला काय, आम्हाला फरक पडत नाही. ओळ मात्र कागदावर राहतेच.

याची गंमत आपल्या उदाहरणात दिसते. ऑरच्या जागी एक्सऑर घालून `(A XOR B) AND NOT C` केलं तर फक्त एका ओळीत फरक पडतो, 110 मध्ये. ती ओळ प्रत्यक्षात येतच नाही. म्हणजे पोरांच्या नियमातला 'किंवा' आठव्या प्रश्नातल्या कुठल्याही प्रकारचा घेतला तरी रंकाळ्यावर जायचे दिवस तेच राहतात. पेपरात मात्र दोन्ही एक्स्प्रेशन सारखी आहेत असं लिहू नका, कारण त्यांच्या शेवटच्या रकान्यांत एक ओळ वेगळी आहे.

११. सगळ्या ओळींत 1 आलाय. काहीतरी चुकलं असेल ना?

चुकलंच असेल असं नाही. `A OR NOT A` नेहमीच 1, आणि `A AND NOT A` नेहमीच 0. प्रश्न मुद्दाम तसा दिलेला असू शकतो. पण एक्स्प्रेशनमध्ये एकही नॉट नसेल आणि तरी सगळे 1 आले असतील, तर नक्की चुकलंय. सगळी अक्षरं 0 असलेल्या ओळीत नुसत्या अँड आणि ऑरमधून 1 येऊच शकत नाही.

१२. पायथनमध्ये उत्तर तपासून बघता येईल का? मी केलं तर काही ओळींत 0 आणि काहींत `True` आलं.

येईल. पायथनमध्येही `not`, `and`, `or` यांचा क्रम पाचव्या प्रश्नातलाच आहे.

```
for a in (0, 1):
    for b in (0, 1):
        for c in (0, 1):
            print(a, b, c, int((a or b) and not c))
```

`int` काढून टाकलं की तुम्ही म्हणता तसं होतं. पहिल्या दोन ओळींत 0 दिसतो आणि बाकीच्यांत `True` किंवा `False`. कारण `and` च्या डाव्या बाजूला 0 आला की पायथन उजवीकडे बघतच नाही, तो 0 तसाच परत देतो. डावी बाजू 1 असेल तर उजवीकडे जाऊन `not c` चं उत्तर देतो, आणि `not` चं उत्तर नेहमी `True` किंवा `False` असतं. किंमत बरोबरच असते, फक्त दिसायला वेगळी.

खरी चूक होते ती `not c` ऐवजी `~c` लिहिल्यावर. `~` आकड्यातले सगळे बिट उलटे करतो, त्यामुळे `~0` चं उत्तर -1 येतं आणि `~1` चं -2. शून्य नसलेला कुठलाही आकडा पायथनला खराच वाटतो. मग ही अट `if` मध्ये घातली तर पाऊस असो नसो, भेळ ठरलेली. शेवटच्या रकान्यात -1 किंवा -2 दिसला की आधी हे चिन्ह शोधा.

१३. माझा आणि मैत्रिणीचा शेवटचा रकाना जुळत नाही, पण दोघींनाही बरोबरची खूण मिळाली. असं कसं?

तुमच्यापैकी एकीने 000 पासून सुरुवात केली असणार आणि दुसरीने 111 पासून, किंवा एकीने रकाने A, B, C असे मांडले आणि दुसरीने C, B, A असे. दोन रकाने नुसते वरून खाली ताडून बघू नका. तिची एक ओळ घ्या, त्यातल्या A, B, C च्या किमती बघा, त्याच किमतींची ओळ तुमच्या वहीत शोधा आणि मग त्या दोन ओळींची उत्तरं बघा. आठही ओळी अशा जुळल्या तर दोघींचंही बरोबर. एक जरी जुळली नाही, तर त्याच ओळीचे मधले रकाने तपासायचे. बाकीच्या सात पुन्हा करत बसू नका.